सोलापूर कोरडे, लंडन ओले: हवामानाच्या प्रकारांचे गणित

लंडनमध्ये वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापुरात पडतो सुमारे ७४०. तरीही लंडन म्हटले की हिरवीगार कुरणे आणि छत्री आठवते, आणि सोलापूर म्हटले की टँकर. सव्वाशे-दीडशे मिलिमीटर जास्त पाऊस घेऊनही सोलापूर कोरडे ठरते ते का, हे ज्याला नीट सांगता आले त्याला हवामानाच्या वर्गीकरणाचा निम्मा धडा कळला. शाळेत आपण हा धडा उलट्या टोकाने शिकतो. आधी प्रकारांची नावे पाठ करतो, मग प्रत्येकापुढे ‘कारणे’ आणि ‘वनस्पती’ अशा दोन ओळी घोकतो. परीक्षा संपली की विषुववृत्तीय, मोसमी, भूमध्य सागरी ही सगळी नावे एकमेकांत मिसळून जातात.

या नावांच्या मागे एक साधे, हाताने करता येण्याजोगे गणित आहे. ते मांडणारा माणूस व्लादिमिर कोपेन. १८४६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला एका जर्मन वंशाच्या कुटुंबात त्याचा जन्म झाला आणि शालेय वर्षे क्रिमियात गेली. क्रिमियाच्या उत्तरेला झाड नसलेला सपाट गवताळ प्रदेश आहे. मग डोंगर लागतो, आणि डोंगर ओलांडला की दक्षिण किनाऱ्यावर भूमध्य सागराकाठी शोभावी अशी झाडी. एका प्रवासात इतके पालटणारे रान ज्याने वारंवार पाहिले, त्याला पुढे झाडे आणि तापमान यांच्या नात्यावर प्रबंध लिहावासा वाटला यात नवल नाही. नंतर हॅम्बुर्गच्या सागरी वेधशाळेत त्याने आयुष्याचा मोठा काळ काढला. १८८४ मध्ये उष्णतेच्या पट्ट्यांचा नकाशा, १९०० मध्ये पहिले वर्गीकरण, १९१८ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती आणि १९३६ मध्ये शेवटची मांडणी, असे तो हे काम पन्नासेक वर्षे घासूनपुसून घेत राहिला. (खंडे सरकतात असे सांगणारा आल्फ्रेड वेगेनर हा त्याचा जावई. सासरे-जावयांनी मिळून प्राचीन काळच्या हवामानावर पुस्तकही लिहिले.)

कोपेनची मूळ कल्पना अशी की झाड हेच हवामान मोजायचे सर्वांत भरवशाचे यंत्र आहे. तापमापक आजचा आकडा सांगतो. एखाद्या जागी सदाहरित रान उभे आहे, की पानझडी आहे, की नुसते गवत, यात मात्र शेकडो वर्षांच्या पावसाचा आणि उष्णतेचा जमाखर्च उतरलेला असतो. म्हणून त्याने आधी वनस्पतींच्या सीमा पाहिल्या आणि त्या सीमांशी जुळणारे आकडे नंतर शोधले. सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी १० अंशांच्या खाली गेली की झाडे उगवणे थांबते, म्हणून ध्रुवीय हवामानाची सीमा १० अंश. सर्वांत थंड महिन्यातही सरासरी १८ अंशांच्या खाली जात नसेल तर खरी उष्ण कटिबंधीय झाडे तग धरतात, म्हणून तिकडची सीमा १८. सर्वांत थंड महिना उणे ३ अंशांच्या खाली गेला की हिवाळाभर बर्फ जमिनीवर टिकून राहते, म्हणून समशीतोष्ण आणि अतिथंड यांच्यामधली सीमा उणे ३. काही पुस्तकांत उणे ३ च्या जागी शून्य दिलेले असते. दोन्ही प्रथा चालतात, मात्र एकाच तक्त्यात दोन्ही वापरू नयेत.

एखाद्या ठिकाणाचा प्रकार ठरवायला फक्त चोवीस आकडे लागतात: बारा महिन्यांचे सरासरी तापमान आणि बारा महिन्यांचा सरासरी पाऊस. हे आकडे तीस वर्षांच्या सरासरीचे हवेत, एखाद्या वर्षाचे चालत नाहीत. कोपेनने पाच मोठे गट केले आणि त्यांना रोमन लिपीतली पहिली पाच अक्षरे दिली. ए म्हणजे उष्ण कटिबंधीय, बी शुष्क, सी समशीतोष्ण, डी अतिथंड आणि ई ध्रुवीय. यातले चार गट तापमानावर ठरतात. बी तेवढा पाण्यावर ठरतो, आणि सोलापूरचे कोडे सुटते ते तिथेच.

कोरडेपणाची रेघ

पाऊस किती पडला हे जमेच्या बाजूला. खर्चाच्या बाजूला बाष्पीभवन, म्हणजे ऊन जमिनीतून आणि पानांतून किती पाणी ओढून नेते ते. बाष्पीभवन मोजणे अवघड, पण ते मुख्यतः उष्णतेवर अवलंबून असते. म्हणून कोपेनने सोपी वाट काढली. ठिकाणाचे वार्षिक सरासरी तापमान घ्यायचे आणि त्याला २० ने गुणायचे. मग पाऊस कधी पडतो ते पाहायचे. सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त पाऊस उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर २८० मिळवायचे. तितकाच पाऊस हिवाळी सहामाहीत पडत असेल तर काहीच मिळवायचे नाही. दोन्हीकडे विभागलेला असेल तर १४० मिळवायचे. येणारा आकडा म्हणजे त्या ठिकाणाची कोरडेपणाची रेघ, मिलिमीटरमध्ये. पाऊस रेघेच्या खाली असेल तर हवामान शुष्क, आणि रेघेच्या निम्म्याहूनही कमी असेल तर वाळवंटी.

उन्हाळी पावसाला २८० चा जादा भार का? कारण तो उन्हाच्या तडाख्यात पडतो आणि त्यातला बराचसा झाडाच्या मुळाशी पोहोचण्याआधीच उडून जातो. हिवाळ्यातला पाऊस जमिनीत मुरतो, म्हणून त्याची किंमत जास्त.

आता सोलापूर. वार्षिक सरासरी तापमान साधारण २७ अंश. त्याला २० ने गुणले की ५४०. सोलापूरचा सुमारे ऐंशी टक्के पाऊस एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत पडतो, म्हणून त्यात २८० मिळवले. रेघ आली ८२० वर. पाऊस ७४०, म्हणजे रेघेखाली, पण तिच्या निम्म्याच्या, म्हणजे ४१० च्या, बराच वर. त्यामुळे सोलापूर वाळवंट नाही, निमशुष्क आहे. वार्षिक सरासरी तापमान १८ अंशांच्या वर असल्याने ‘उष्ण निमशुष्क’, कोपेनच्या खुणेत बीएसएच.

लंडनचे सरासरी तापमान ११ अंश. विसाने गुणले की २२०. पाऊस वर्षभर विखुरलेला, म्हणून १४० मिळवायचे. रेघ ३६० वर, आणि पाऊस ६००. लंडनला ६०० मिलिमीटर पाऊस पुरतो. सोलापूरला शुष्क न ठरण्यासाठीच ८२० च्या वर पाऊस लागला असता. थोडक्यात, पावसाचा नुसता आकडा काहीच सांगत नाही, तो कुठल्या उन्हात आणि कुठल्या महिन्यांत पडतो हे कळेपर्यंत.

इथे विद्यार्थ्यांची एक हमखास चूक होते. सोलापूरचा सर्वांत थंड महिना २२ अंशांचा, म्हणजे १८ च्या वर. ते पाहून मुले झटकन ‘ए गट, उष्ण कटिबंधीय’ लिहून मोकळी होतात. तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ई पाहायचा: सर्वांत उष्ण महिना १० अंशांच्या खाली आहे का? मग बी: पाऊस रेघेखाली आहे का? या दोन्हींतून सुटलेले ठिकाणच पुढे ए, सी, डी यांत तापमानानुसार वाटायचे. अक्षरे ए, बी, सी अशी असली तरी चाळणी त्या क्रमाने लावायची नाही.

मुंबई आणि सिंगापूर

सिंगापूरला वर्षाला सुमारे २,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मुंबईत कुलाब्याला सुमारे २,२००. तापमानही जवळपास सारखे, दोन्ही शहरे समुद्रकाठची, दोन्ही ए गटातली. तरी सिंगापूरला राखलेल्या जंगलात बाराही महिने दाट सदाहरित छत असते, आणि मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर निम्मी झाडे निष्पर्ण उभी दिसतात. फरक वाटपाचा आहे. सिंगापूरचा सर्वांत कोरडा महिनाही शंभर मिलिमीटरच्या वर असतो. मुंबईत जानेवारी ते एप्रिल जवळजवळ शून्य, आणि सगळा पाऊस जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत.

कारण आकाशात आहे. विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतले वारे एकत्र येऊन वर चढतात आणि पाऊस पाडतात. हा पट्टा सूर्यामागोमाग उत्तर-दक्षिण सरकतो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर, त्यामुळे पट्टा कुठेही सरकला तरी फारसा लांब जात नाही. मुंबई एकोणिसाव्या अक्षांशावर. उन्हाळ्यात उपखंड तापतो, हा पट्टा थेट गंगेच्या मैदानापर्यंत ओढला जातो आणि त्याच्या मागून अरबी समुद्रावरचे नैर्ऋत्य वारे आत शिरतात. हिवाळ्यात पट्टा पुन्हा दक्षिणेला जातो आणि मुंबईवर जमिनीवरून आलेले, वरून खाली बसणारे कोरडे वारे राज्य करतात.

ए गटातल्या तीन उपप्रकारांचे गणितही यावरच बेतलेले आहे. सर्वांत कोरड्या महिन्यातही ६० मिलिमीटर पाऊस असेल तर सदाहरित वर्षावनांचे विषुववृत्तीय हवामान. नसेल तर एक सूत्र: वार्षिक पावसाला २५ ने भागा आणि उत्तर १०० मधून वजा करा. कोरड्या महिन्याचा पाऊस त्या आकड्याइतका किंवा जास्त असेल तर मोसमी हवामान, कमी असेल तर उष्ण गवताळ, म्हणजे सॅव्हाना. सूत्र विचित्र वाटते, पण त्यामागचा विचार सरळ आहे. पावसाळ्यात पाऊस इतका उदंड पडला की जमिनीत साठलेली ओल कोरड्या महिन्यांतून झाडांना तारून नेईल, तर एखाददुसरा कोरडा महिना माफ.

ही माफी पूर्ण मिळते कधी? वार्षिक पाऊस २,५०० झाला की. २,५०० भागिले २५ म्हणजे १००, आणि शंभरातून शंभर गेले की शून्य. मग महिना ठणठणीत कोरडा गेला तरी ठिकाण ‘मोसमी’ राहते. आता कोकणाकडे पाहा. रत्नागिरीला सुमारे ३,२०० मिलिमीटर पाऊस, म्हणून ती निःसंशय मोसमी. कुलाब्याला २,२०० चे सूत्र १२ वर येते, आणि मार्चमध्ये तिथे एखादा मिलिमीटरही पडत नाही, म्हणून कुलाबा गणिताने सॅव्हाना. सांताक्रूझला कुलाब्याहून दोन-तीनशे मिलिमीटर जास्त पाऊस पडतो. ते रेघेला अगदी टेकलेले आहे, कुठल्या तीस वर्षांची सरासरी घेतली यावर इकडे किंवा तिकडे जाते. एकाच शहरातली दोन केंद्रे दोन प्रकारांच्या वेशीवर उभी असावीत ही गंमत नकाशाच्या रंगीत पट्ट्यांत दिसत नाही. बऱ्याच पाठ्यपुस्तकांच्या नकाशात मोसमी प्रकार ‘गोव्याच्या दक्षिणेकडील पश्चिम किनारा’ इतकाच दाखवतात. ती ढोबळ रेघ आहे. रत्नागिरीचे आकडे घालून पाहिले की पुस्तकाशी मतभेद होतो आणि अशा वेळी उत्तराला बळ देतात ते आकडे.

घाट उतरताना

जगभराचे प्रकार पाठ करण्यापेक्षा महाराष्ट्रातली एक आडवी रेघ अभ्यासणे मला जास्त फायद्याचे वाटते. कोकण किनाऱ्यावरून निघावे, महाबळेश्वरला चढावे, पाचगणीवरून वाईला उतरावे आणि पूर्वेला माणदेशात जावे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथे वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस. वीसेक किलोमीटरवर पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. घाट उतरून वाईला आलो की आठशेच्या घरात, आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास.

वारा तोच, ढग तेच. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून वर चढते. वर गेली की दाब कमी, दाब कमी म्हणून ती फुगते आणि फुगली की थंड होते. ढग बनेपर्यंत दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी, ढग बनू लागल्यावर वाफेची सुटलेली उष्णता मिळाल्याने पाच-सहा अंशांनी. थंड हवेत वाफ मावत नाही, ती पावसाच्या रूपाने कड्यावर आणि माथ्यावर रिकामी होते. पलीकडे हवा खाली उतरते, दाबली जाते, तापते आणि तापली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद वाढते. मग ढग विरतात. जुलैच्या सकाळी महाबळेश्वरला दहा पावलांवरचे दिसत नाही आणि त्याच दुपारी फलटणकडे निळे आकाश, हे ज्याने पाहिले त्याला पर्जन्यछायेची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

वनस्पती या उताराची नोंद आकड्यांहून बारकाईने ठेवतात. कोकणात डोंगरउतारावर ऐन, किंजळ, बेहडा अशी पानझडी झाडे, आणि ओढ्याकाठी व देवरायांत निमसदाहरित दाटी. घाटमाथ्यावर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांचे बुटके, एकमेकांत गुंतलेले सदाहरित रान. बुटके अशासाठी की वारा उंच वाढू देत नाही आणि जांभ्यावरची माती पातळ असते. पाचगणीच्या खाली पुन्हा पानझडी. वाईच्या पुढे झाडे विरळ होत जातात आणि माणदेशात बाभूळ, बोर, हिवर, तरवड, निवडुंग आणि मध्ये मध्ये कुसळी गवताची माळराने. पान लहान, काटा मोठा. पाण्याची टंचाई असली की झाड पानावर खर्च करत नाही.

महाबळेश्वर स्वतः वर्गीकरणाला डोकेदुखी आहे. तिथे थंडीच्या महिन्यांत आणि ऐन पावसाळ्यातही, ढगांमुळे ऊन न पडल्याने, महिन्याची सरासरी १८ अंशांच्या अगदी आसपास राहते. किंचित वर असेल तर ए गट, किंचित खाली असेल तर सी. दोन पुस्तकांत महाबळेश्वरापुढे दोन खुणा दिसल्या तर एकाला खोटे ठरवायची घाई करू नये.

पुण्याचे तसेच. सरासरी तापमान २५ अंश, पाऊस उन्हाळी सहामाहीत, म्हणून रेघ ७८० वर. पुण्याचा पाऊस साडेसातशेच्या आसपास, म्हणजे रेघेच्या बोटभर खाली. गणिताने पुणे निमशुष्क, सोलापूरच्या कुळातले. पाऊस पन्नास मिलिमीटरने वाढला तर तेच पुणे सॅव्हानात जाईल. शहराच्या पश्चिमेला लोणावळ्याकडे पाऊस भराभर वाढतो, पूर्वेला दौंडकडे घटतो. खरे तर पुणे रेघेवर नाही, रेघच पुण्यातून जाते.

या पद्धतीला न दिसणारी एक गोष्ट म्हणजे माती. गणित रत्नागिरीला मोसमी रान देते, पण रत्नागिरीच्या सड्यांवर जांभा आहे. तीन हजार मिलिमीटर पाणी त्यावरून आणि त्यातून वाहून जाते, आणि एप्रिलमध्ये तोच सडा करपलेल्या गवताचा दिसतो. उलट सोलापूरची खोल काळी माती सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस धरून ठेवते. तिच्याच जोरावर तिथे पुढे एक थेंबही न पडता मालदांडी ज्वारी रब्बीत उभी राहते. कोपेनच्या रेघेने सोलापूरला निमशुष्क म्हटले ते बरोबर आहे, पण निमशुष्क जागी काय पिकेल हे ती रेघ सांगत नाही.

पावसाचे उलटे वेळापत्रक

आपल्याला सर्वांत अनोळखी वाटणारा प्रकार म्हणजे भूमध्य सागरी. पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, हे मराठी माणसाला अंगवळणी पडत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनचे उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात उपोष्ण कटिबंधातला जास्त दाबाचा पट्टा सरकून शहरावर येतो. तिथे हवा वरून खाली बसते, म्हणून ढग बनत नाहीत. हिवाळ्यात तो पट्टा विषुववृत्ताकडे हटतो आणि पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणारी आवर्ते पाऊस देतात. वनस्पतीपुढचा पेच असा की ऊन भरपूर असते तेव्हा पाणी नाही आणि पाणी असते तेव्हा थंडी. म्हणून इथली झुडपे पाने गाळत नाहीत, ती लहान, जाड, मेणचट करतात. युरोपातल्या भूमध्य सागराकाठी ऑलिव्ह आणि बुचाचा ओक, केपमध्ये फिनबॉस नावाची झुडपी दाटी. जगाच्या पाच वेगवेगळ्या प्रदेशांत हे हवामान आढळते, आणि झाडांची कुळे निराळी असूनही सगळीकडे पानाचा थाट एकच.

थंड प्रकारांत कथा साधी आहे, म्हणून थोडक्यात. डी गट मुख्यतः मोठ्या खंडांच्या अंतर्भागात, कारण समुद्रापासून दूर जमीन हिवाळ्यात झपाट्याने थंड होते. दक्षिण गोलार्धात त्या अक्षांशांवर जमीनच नसल्याने तिथे हा गट जवळपास नाही. या गटातली झाडे मुख्यतः सूचिपर्णी: स्प्रूस, पाइन, लार्च. ई गटात झाडे नाहीत, टुंड्रात शेवाळ, दगडफूल आणि खुरटी झुडपे, आणि त्यापलीकडे नुसते बर्फ.

तक्ता भरून पाहा

खाली सात ठिकाणांचे गोळाबेरीज आकडे दिले आहेत, तापमान अंश सेल्सियसमध्ये आणि पाऊस मिलिमीटरमध्ये.

| ठिकाण | वार्षिक तापमान | थंड महिना | उष्ण महिना | वार्षिक पाऊस | कोरडा महिना | उन्हाळी सहामाहीतला वाटा |
|---|---|---|---|---|---|---|
| सोलापूर | २७ | २२ | ३३ | ७४० | ५ च्या आत | ८०% |
| नागपूर | २७ | २१ | ३५ | १,१०० | १० च्या आत | ७०% हून बराच जास्त |
| रत्नागिरी | २७ | २५ | २९ | ३,२०० | ० | ९०% हून जास्त |
| सिंगापूर | २८ | २७ | २९ | २,१०० | १०५ | दोन्हीकडे सारखा |
| केप टाउन | १७ | १२ | २१ | ५१५ | २० च्या आत (उन्हाळ्यात) | २०% च्या आसपास |
| लेह | ६ | −८ | १८ | १०० | ५ च्या आत | ६०% |
| मॉस्को | ६ | −६ | २० | ७०० | ३५ | ६०% |

हा कोरा तक्ता. पहिली ओळ नमुन्यादाखल भरली आहे, शेवटची आपल्या गावासाठी.

| ठिकाण | कोरडेपणाची रेघ | पाऊस रेघेच्या खाली की वर | गट व प्रकार | मुख्य कारण | नैसर्गिक वनस्पती |
|---|---|---|---|---|---|
| सोलापूर | ८२० | खाली, पण निम्म्याच्या वर | बी, उष्ण निमशुष्क | पर्जन्यछाया | बाभूळ, बोर, तरवड, गवताळ माळ |
| नागपूर | | | | | |
| रत्नागिरी | | | | | |
| सिंगापूर | | | | | |
| केप टाउन | | | | | |
| लेह | | | | | |
| मॉस्को | | | | | |
| आपले गाव | | | | | |

भरताना दोन ठिकाणी पाय घसरतो. केप टाउन दक्षिण गोलार्धात आहे, त्याची उन्हाळी सहामाही ऑक्टोबर ते मार्च. हे विसरून एप्रिल ते सप्टेंबर घेतले तर २८० मिळवले जातात, रेघ ३४० ऐवजी ६२० वर जाते आणि चांगले भूमध्य सागरी शहर निमशुष्क होऊन बसते. दुसरे ठिकाण लेह. उणे आठ अंशांचा महिना पाहिला की हात आपोआप डी लिहायला जातो. आधी रेघ काढा: २० गुणिले ६ म्हणजे १२०, पाऊस दोन्ही सहामाहीत विभागलेला म्हणून अधिक १४०, एकूण २६०. तिचा निम्मा १३०, आणि पाऊस १००. लेह वाळवंट आहे, थंड वाळवंट. ओहोळाच्या काठची लावलेली विलो आणि पॉपलरची झाडे सोडली तर डोंगर उघडाबोडका का, याचे उत्तर तिथे आहे. नागपूरची रेघ सोलापूरइतकीच, ८२०, पण पाऊस १,१०० असल्याने ते बीमधून सुटते आणि ए गटात सॅव्हानात बसते. विदर्भातला साग पानझडी का आणि माणदेशातली बाभूळ काटेरी का, हे या दोन ओळी शेजारी ठेवल्या की दिसते.

आपल्या गावाची ओळ भरायला जवळच्या हवामान केंद्राचे आकडे घ्या, आणि गाव घाटाच्या आसपास असेल तर केंद्राची उंची व बाजू आधी पाहा. वाईच्या माणसाने पाचगणीचे आकडे घातले तर कागदावर रान उगवेल, शिवारात नाही. येणारा पाऊस रेघेच्या पाच-दहा टक्क्यांच्या आत असेल तर दोन्ही प्रकार लिहा, मध्ये तिरकी रेघ मारा आणि बांधावर कोणती झाडे आपली आपण उगवतात ते बघून शेवटचा रकाना भरा.